लेटरहेडवर कुणाचं नाव

राजेश्वरी हत्तुरे म्हंजे काय बाई हाय हे सांगायला बसले की माझंच डोकं तापतं. म्हणून आधीच सांगते, मधी एखादी शिवी आली तर पोटात घाला. माझं नाव लीला. अशोक चौकाच्या अलीकडं माझं बटणं, चेन, इलास्टिक आणि धाग्याचं दुकान हाय. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे ढीगभर, त्यातले कितीतरी माझ्याकडनं माल नेतात. कोण पैशाला सरळ हाय आणि कोण दुकानासमोरनं मान वळवून जातो, हे मला बसल्या जागी कळतं.

राजेश्वरीनं माझ्यासमोर कदी मान वळवली न्हाय.

ती मूळची अक्कलकोटकडची. माहेरी सगळं कानडी. सासरी आली तवा मराठी बोलताना आधी मनात जुळवून घ्यायची आणि मग बोलायची, म्हणून लोकांना वाटायचं बाई गरीब हाय. गरीब कसली! नवरा चनबसप्पा, त्येचा गणवेशाचा छोटा कारखाना होता, हत्तुरे ड्रेसेस म्हणून. माणूस देवासारका, पण धंद्याला देव चालत न्हाय. ज्या शाळेनं मागितलं तिला उधार द्यायचा, वसुलीला गेला की तितला हेडमास्तर च्या पाजायचा, आणि हा च्या पिऊन परत यायचा. कापडवाल्याला दिलेले चेक परत आले. एक न्हाय, दोन येळा आले. दुसऱ्या येळेला तो चार दिवस घराबायेरच पडला न्हाय. नातेवाईक येऊन सांगून गेले, मशिनी विका, मोकळे व्हा.

राजेश्वरीनं मशिनी विकल्या न्हाईत. कानातलं विकलं. जुन्या फर्मचं सगळं देणं फेडून ती फर्म बंद केली, आणि नवी काढली. ज्योती गारमेंट्स. जीएसटीचा नंबर तिच्या नावानं, बँकेतलं खातं तिच्या नावानं, शिक्क्याखाली सही तिची. चनबसप्पाला सांगितलं, "तुमी टेम्पो चालवा, माल पोचवा, कुणाच्यात च्या पिऊ नका." आणि तो माणूस खरंच सुकानं टेम्पो चालवायला लागला. आठ वर्षं झाली. मी त्येला आधी कदी इतका हसताना बघितला नव्हता.

तिची एक रीत होती, ती सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर हाय. चेकची तारीख आली की त्येच्या दोन दिवस आधी ती स्वता फोन करायची. "परवाचा चेक बिनघोर टाका." आणि एखाद्या शाळेचं बिल अडकलं असलं तर तेबी तारखेच्या आधीच सांगायची, "ह्यो चेक आठ दिवस थांबवा, मी तारीख देते." मार्केटात कुणी असं सांगत न्हाय हो! लोक चेक परत आल्यावर मोबाईल बंद करून बसतात. मला तिचा फोन आला की मी बँकेत डोळे झाकून चेक टाकायची. तिचा एकबी चेक कदी परत आला न्हाय, माझ्याकडचा न्हाय आणि कापडवाल्याकडचाबी न्हाय.

कापडवाला म्हंजे प्रभुलिंग शेठ. चाटी गल्लीतलं जुनं दुकान, आत पांढरी गादी, लोड, भिंतीला छतापर्यंत तागे. जुन्या फर्मला कापड त्येचंच होतं, नव्यालाबी त्येचंच. साठ दिवसाची उधारी. शेठ वाईट माणूस न्हाय असं मी आत्तापर्यंत सगळ्यांना सांगत आले. आता सांगणार न्हाय.

गेल्या फेब्रुवारीत राजेश्वरीला एक मोटी ऑर्डर मिळाली. एका शिक्षण संस्थेच्या शाळा, काही करमाळ्याला, काही नातेपुत्याला. जून उजाडायच्या आत गणवेश पोचवायचे. एवढं कापड शेठकडनं घ्यायचं तर भाव परवडत न्हाय, मधल्या माणसाचं कमिशन जातंच की. तवा तिनं भिलवाड्याच्या एका गिरणीशी थेट बोलणं लावलं. गिरणीचा सोलापुरातला माणूस आशिष, चांगला पोरगा, तिच्या कारखान्यात येऊन बसला. मीबी तितंच होते, चेनचं सँपल दाखवायला गेले होते.

आशिष म्हणाला, "मॅडम, पयल्यांदा घेताय, तवा एकतर सगळे पैसे आधी भरा, न्हायतर उधारी पायजे तर दोन सप्लायरचे ट्रेड रेफरन्स द्या."

"त्यात काय लिवायचं असतं?" राजेश्वरीनं विचारलं.

"साधं असतंय. त्यांच्या लेटरहेडवर, की ही फर्म आमच्याकडं अमुक वर्षांपासून माल घेते, इतक्या रकमेपर्यंत उधारी देतो, इतके दिवसाची मुदत, पैसे वेळेवर येतात का, चेक परत गेलाय का. खाली सही, शिक्का आणि फोन नंबर. आमच्या गिरणीतनं त्या नंबरवर फोन जातो आणि खात्री करतात. दोनातला एक तुमचा मेन कापडवाला पायजेच. त्येचं न्हाय आलं तर गिरणीला वाटतं, काहीतरी भानगड हाय."

दुसरं त्यानं सांगितलं ते म्हंजे, गणवेशाला एकाच लॉटचा रंग लागतो. दोन लॉटमधी रंग जरा हलला तरी शाळा कापड परत करते. गिरणीत तो राखाडी आणि निळा लॉट तयार होता, एप्रिलच्या मध्यापर्यंत तिच्यासाठी थांबवणार होते. त्येच्या पुढं जो पैसे देईल त्येला.

एक रेफरन्स माझं. त्याच दिवशी दिलं. माझ्या दुकानाला लेटरहेड नव्हतं, ते कोपऱ्यावरच्या पोराकडनं छापून घेतलं, आणि लिवलं की ज्योती गारमेंट्स, प्रोप्रायटर राजेश्वरी हत्तुरे, ह्या आठ वर्षांपासून आमच्याकडं माल घेतात, व्यवहार चोख. गिरणीतनं फोन आला, हिंदीत विचारलं, मी माझ्या मोडक्या हिंदीत ठणकावून सांगितलं. त्यांचं माझ्यापुरतं काम झालं. पण मी बटणवाली. राजेश्वरीचं भविष्य शेठच्या कागदावर होतं.

मार्चअखेरीला आमी दोघी चाटी गल्लीत गेलो. दुकानात गिऱ्हाईकं होती, च्या फिरत होता.

"बर्री, बर्री वैनी, कूडरी," शेठ म्हणाला. या, बसा. आणि लगेच, "यजमान्रु बंदिल्लेनु?" म्हंजे मालक आले न्हाईत का. दर येळेला हेच विचारतो. चनबसप्पा आठ वर्षांत त्या गादीवर बसला नव्हता, तरी हा विचारतो.

राजेश्वरीनं कामाचं सांगितलं. शेठनं कप खाली ठेवला.

"वैनी, हे असं लिवून द्यायचं म्हंजे आमी तुमचे जामीन होणार का?"

"जामीन न्हाय शेठजी. जे झालंय तेवढंच लिवायचंय. खाली लिवा, की पुढची जबाबदारी आमची न्हाय. सगळे तसंच लिवतात."

"ते खरं हो. पण ही मोटी गोष्ट हाय. एक काम करा, मालकांना पाठवा. आमी दोघं बसून ठरवतो."

मला बगा, त्याच क्षणी कळलं की हा नुसता टोलवायलाय. गिरणीकडनं थेट माल आला तर ह्येचं गिऱ्हाईक गेलं, ही त्येची पोटदुखी. पण ती त्येनं बोलून दाखवली असती तर मला राग आला नसता. धंदा हाय, ज्येचं त्येला. पण त्येला बोलायला पुरुष पायजे होता.

"मालक टेम्पो घेऊन बार्शीला गेलेत," राजेश्वरी म्हणाली. "आणि फर्मची मालक मीच हाय."

शेठ हसला. गादीवरची दोन गिऱ्हाईकंबी हसली. "व्हय व्हय, वैनी, कागदावर तुमीच की. आमच्या घरीबी सगळं मंडळीच्याच नावावर हाय, टॅक्ससाठी."

मी उठून काहीतरी बोलणार होते. राजेश्वरीनं माझा हात दाबला. तिनं तितंच, सगळ्यांसमोर, एक-एक मुद्दा सांगितला, काय काय लिवायचं ते. शेठ म्हणाला, आता मार्चअखेर हाय, हिशेबाची गडबड, पण देतो, मुनिमाला सांगतो. आमी बायेर आलो तवा ती म्हणाली, "देतो म्हणाला ना, लीलाताई. झालं काम." मला खरं वाटलं न्हाय.

पत्र एप्रिलच्या पयल्या आठवड्यात आलं. त्या दिवसांत मी दुकान गड्यावर सोपवून तिच्या कारखान्यातच जाऊन बसायची. शेठचा मुनीम अजिनाथ, पाकीट घेऊन. जाड कागद, सोनेरी अक्षरांचं लेटरहेड, दोन शिक्के. राजेश्वरीनं वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी वाचलं, आणि माझ्या तोंडातनं अशी शिवी गेली की मशिनवरच्या बायका थांबल्या.

लिवलं होतं, "श्री. चनबसप्पा हत्तुरे हे आमचे जुने व विश्वासू व्यापारी असून बावीस वर्षांपासून त्यांचा आमच्याशी व्यवहार आहे. त्यांचे पेमेंट वेळेवर येते. त्यांचा स्वभाव प्रामाणिक आहे."

अरे, कुणाचं पेमेंट वेळेवर? ज्येचे दोन चेक परत आले होते त्येचं? चनबसप्पाबद्दल माझ्या मनात काय न्हाय, पण त्या बावीस वर्षांतला जेवढा भाग चोख होता तेवढा हिच्या हातचा होता. काम त्येचं असं ह्यो शेठ म्हणतो, आणि जिनं केलं तिचं नाव न्हाय! साऱ्या पत्रात ज्योती गारमेंट्स न्हाय, राजेश्वरी न्हाय, काय न्हाय. आणि शेठच्या मनात काळंबेरं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्येला खरंच वाटलं होतं की त्येनं लई झकास पत्र दिलंय.

राजेश्वरीनं लगेच फोन लावला. "शेठजी, नाव चुकलंय."

"चुकलं कुटं, वैनी? कौतुकच केलंय मालकांचं."

"फर्म माझी हाय. तुमचं प्रत्येक बिल ज्योती गारमेंट्सच्या नावानं येतं."

"अहो, गिरणीवाल्यांना समजतंय की. धंदा एकच ना."

मला वाटलं दुरुस्त करून घ्यावं आणि मग पाठवावं. पण आशिषला उशीर होत होता, आणि शेठ दोन दिवस देतो-देतो करत राहिला. शेवटी आशिषनं म्हटलं, हाय ते पाठवू, फोनवर शेठ सांगतील. गिरणीतनं शेठला फोन गेला. काय बोलणं झालं ते आशिषनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, मान खाली घालून.

गिरणीनं विचारलं, "ज्योती गारमेंट्स कोण चालवतं? पत्र तर दुसऱ्याच माणसाचं हाय."

आणि शेठ म्हणाला, "धंदा चनबसप्पांचाच. बाई नुसत्या बसतात."

"मग आता?" राजेश्वरीनं विचारलं.

"मॅडम, गिरणीला संशय आलाय. नावावर एक, चालवणार दुसरा, आणि त्या दुसऱ्याची आधीची फर्म बंद पडलेली. त्यांनी चौकशी केली तर जुने परत गेलेले चेक निघाले. म्हणतात, हे नवीन नाव लावून जुनाच माणूस हाय. उधारी देता येणार न्हाय. मी लई सांगितलं, पण ते म्हणतात, तुमच्या मेन सप्लायरनंच सांगितलंय."

म्हंजे बगा! ह्या बाईनं आठ वर्षं घालवून जो डाग पुसला, तो शेठनं एका फोनवर परत तिच्या अंगावर टाकला. आणि वर म्हणतो कौतुक केलंय. मी असते तर त्या गादीवर जाऊन च्याची किटली ओतली असती. राजेश्वरीनं कात्री हातातनं खाली ठेवली. एवढंच.

संध्याकाळी चनबसप्पा आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मी जातो. शेठला सांगतो की मी टेम्पोवाला हाय, धंदा हिचा हाय. दोन मिनिटांचं काम."

"जाऊ नका," ती म्हणाली.

"अगं, पण लॉट जाईल की!"

"जाऊ दे. माझ्या धंद्याची साक्ष मलाच देता येत न्हाय, तुमी द्यायला पायजे, हे जर मी आज चालवून घेतलं, तर उद्या बँक पण तेच म्हणेल आणि परवा शाळा पण. तुमी गेलात तर ते लगेच देतील, मला ठाव हाय. म्हणूनच जाऊ नका."

त्येनं टेम्पोची किल्ली खुंटीला अडकवली. मला खरं सांगायचं तर मला तिचा जरा रागच आला. ऑर्डर बुडायलीय आणि ही ताठा धरून बसलीय! पण ताठा नव्हता तो. हे मला चार दिवसांनी कळलं.

चार दिवसांनी अजिनाथ परत आला, दुसरा कागद घेऊन. हा शेठच्या कामाचा होता. दरवर्षी एप्रिलमधी कापडवाले आपल्या उधारीच्या गिऱ्हाइकांकडं असा कागद पाठवतात, की एकतीस मार्चला तुमच्याकडं आमची इतकी बाकी हाय, बरोबर असेल तर सही-शिक्का करून द्या. शेठच्या सीएला ऑडिटला लागतो, आणि ह्या वर्षी शेठचं बँकेतलं कर्ज नवं करायचं होतं म्हणून बँकबी मागत होती. मोट्या गिऱ्हाइकांच्या सह्या आल्याशिवाय पुढं सरकत नव्हतं. राजेश्वरी त्येच्या मोट्या गिऱ्हाइकांपैकी एक. दरवर्षी ती आकडा तपासायची, सही करायची, शिक्का मारायची आणि पाच मिनिटांत परत द्यायची.

ह्या येळेला तिनं कागद बघितला, आकडा तपासला आणि अजिनाथला म्हणाली, "आकडा बरोबर हाय. पण सही मालक करतील. शेठ म्हणाले ना, मी नुसती बसते."

चनबसप्पा खाली टेम्पोत गठ्ठे चढवत होता. तिनं वर बोलावलं. तो म्हणाला, "खरंच करू?"

"करा की. शेठचा तुमच्यावर विश्वास हाय."

त्यानं मस्त मोठ्या अक्षरात सही केली. शिक्का तिनं दिला न्हाय. अजिनाथला काही कळलं न्हाय, घेऊन गेला. मी इतकी हसले की पोट धरून बसले. पण राजेश्वरी हसली न्हाय.

दुसऱ्या दिवशी अजिनाथ घामाघूम. "ताई, सीएनी परत पाठवलंय. म्हणतात फर्मचे प्रोप्रायटर हे न्हाईत, सही चालत न्हाय. जीएसटीवर दुसरं नाव हाय. तुमची सही आणि शिक्का द्या, शेठ वाट बघायलेत."

"असं का? पण शेठनी तर गिरणीला लिवून दिलंय की धंदा ह्यांचाच. सीएला ते पत्र दाखवा."

अजिनाथ बिचारा हात जोडून गेला. त्याच दिवशी सकाळी आशिषचा फोन आला होता. निळा लॉट गेला. नातेपुत्याच्या शाळांचा रंग निळा होता, संस्थेनं तेवढी ऑर्डर दुसरीकडं दिली. राखाडी अजून होता, करमाळ्याचा. आज संध्याकाळपर्यंत नवं पत्र आलं आणि गिरणीनं फोनवर खात्री केली, तर तो तरी वाचणार होता. आशिषनं तिच्यासाठी एवढं मोठ्या मिनतवारीनं मिळवलं होतं आणि तो कारखान्यात येऊन बसला होता.

दुपारी शेठ स्वता आला. चाटी गल्लीची गादी सोडून, एवढ्या उन्हात, राजेश्वरीच्या कारखान्याच्या जिन्यावर. मशिनी चालू होत्या, पंधरा-वीस बायका. हातात तोच कागद.

"वैनी, मस्करी पुरे झाली," तो म्हणाला. "मला बँकेत आज द्यायचाय. सही करा."

राजेश्वरीनं मशिनी बंद करायला सांगितल्या. एकदम शांत झालं.

"शेठजी, मस्करी कुणी केली? तुमच्या ऑडिटला मालक मी. तुमच्या बँकेला मालक मी. बाकी माझ्याकडनं यायची असली की मालक मी. आणि गिरणीनं विचारलं की मी नुसती बसते? माझी निम्मी ऑर्डर गेली, कळतंय का तुमाला? नातेपुतं गेलं. ह्या बायकांचा दीड म्हयन्याचा धंदा गेला. तुमच्या एका वाक्यामुळं."

"अहो, मी वाईट कुटं बोललो? मी तर मालकांचं..."

"मालकांचे चेक परत आले तवा तुमी त्यांना गादीवर बसवून च्या पाजला. मी कदी तक्रार केली न्हाय, तुमचे उपकार होते. पण माझा एक चेक परत आला का? ह्या बायकांसमोर सांगा. आठ वर्षांत एक?"

"न्हाय," शेठ म्हणाला.

"चेकच्या आधी फोन कोण करतं?"

"तुमी."

"मग गिरणीला हे सांगायला तुमचं तोंड का दुखलं?"

शेठनं रुमालानं मान पुसली. मला वाटलं, आता ही सांगणार, आधी माझं पत्र, मग तुमची सही. सगळ्यांना तसंच वाटलं. मी तर मनात म्हटलं, आता सोडू नको गं, चांगला पिळ.

तिनं त्येच्या हातातला कागद घेतला, टेबलावर ठेवला, सही केली, खाली नाव लिवलं, शिक्का मारला आणि परत दिला.

"हे घ्या. आकडा खरा हाय, म्हणून सही केली. खरं अडवून ठेवायचं माझ्याच्यानं होत न्हाय. आता तुमचं तुमी बगा."

शेठ कागद घडी करून खिशात ठेवत होता, आणि जिन्याकडं वळला असता तर वळला असता, कुणी अडवलं नसतं. पण एवढ्या बायका त्येच्याकडं बघत होत्या. तो थांबला. अजिनाथला म्हणाला, "बॅगेतलं लेटरहेड काढ." खुर्चीवर बसला आणि स्वताच्या हातानं लिवायला लागला. फर्मचं नाव लिवलं, ज्योती गारमेंट्स. वर्षं लिवली. उधारीची रक्कम, साठ दिवस, चेक कदी परत न्हाय, सगळं बरोबर. आशिष मागनं बघत होता आणि मान हलवत होता. मी म्हटलं, चला, देर आये.

मग प्रोप्रायटरच्या ठिकाणी शेठचं पेन थांबलं. त्येनं वर बघितलं. लाजला नव्हता, खरंच अडला होता.

"वैनी," तो म्हणाला, "तुमचं नाव काय लावायचं?"

मला आधी कळलंच न्हाय तो काय विचारतोय. मागं कुणाची तरी बॉबिन खाली पडली आणि घरंगळत गेली. आठ वर्षं हिचा फोन घेतला, हिचे चेक बँकेत टाकले, हिच्या नावाच्या सह्या स्वताच्या ऑडिटला लावल्या, आणि ह्येला हिचं नाव ठाव न्हाय. वैनी, वैनी, वैनी, आणि पुढं कदी बघायचीच गरज पडली न्हाय.

राजेश्वरीनं त्येच्या खिशाकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "तुमच्या खिशातल्या कागदावर हाय. आत्ताच लिवलंय. काढा आणि वाचा."

शेठनं कागद काढला, चष्मा लावला. वाचला. आणि बघून बघून, एकेक अक्षर उतरवून घेतलं.

आशिषनं फोटो काढून लगेच पाठवला. तासाभरात गिरणीचा फोन आला, शेठ तितंच होता, त्येनं हिंदीत सांगितलं, "हाँ जी, मालक वही है, राजेश्वरी हत्तुरे." राखाडी लॉट मिळाला. करमाळ्याचे गणवेश वेळेत गेले, चनबसप्पाच टेम्पो घेऊन गेला.

पण त्या दिवशी शेठ जिना उतरून गेल्यावर राजेश्वरी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसली. मी गेले तर डोळे लाल. मी म्हटलं, "अगं, झालं की काम, आता कशाला रडतीस?"

"रडत न्हाय," ती म्हणाली. "चीड आलीय. लीलाताई, मी गिरणीसाठी काय म्हणून त्येची साक्ष आणायला गेले, ज्येला मी कोण तेच ठाव न्हाय?"